कंपनीला मन असतं का? फसवणुकीच्या केसमध्ये 'कंपनीचा हेतू' कुठे शोधायचा

प्रश्न: भोसरीत आमचं छोटं युनिट आहे. एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीकडून ३८ लाखांचं व्हीएमसी मशीन घेतलं, 'नवीन, तैवानहून डायरेक्ट इम्पोर्ट' म्हणून. चार महिन्यांत स्पिंडलचा आवाज यायला लागला, बाहेरचा इंजिनिअर बोलावला तर तो म्हणाला कंट्रोलरवर नऊ हजार तासांच्या वर रनिंग दिसतंय, हे वापरलेलं मशीन रंगवून दिलंय. पोलिस स्टेशनला गेलो तर म्हणाले फसवणुकीला हेतू लागतो आणि कंपनीला कुठं मन असतं, माणसाचं नाव सांगा. भाऊ म्हणतोय सातच्या सात डायरेक्टरांची नावं टाक. कंपनीवर केस होते का? आणि नावं कुणाची टाकायची?

उत्तर:

कंपनीवर केस होते, फसवणुकीचीच होते, आणि यावरचा सुप्रीम कोर्टाचा महत्त्वाचा निकाल ज्या तक्रारीतून आला ती तक्रार आपल्या पुण्यातल्याच मॅजिस्ट्रेट कोर्टात दाखल झाली होती. शिवाजीनगर कोर्टात मी गेली बावीस वर्षं फौजदारी प्रॅक्टिस करतोय आणि 'कंपनीला मन नसतं' हे वाक्य अजून दर दोन महिन्यांनी ऐकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या भावाचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका, तो का ते पुढे येईल.

आधी ती पुण्याची केस. मोटोरोलाने नव्वदच्या दशकात इरिडियम नावाचा सॅटेलाइट फोनचा प्रोजेक्ट आणला होता, ६६ उपग्रह, जगात कुठूनही कुठेही फोन. पैसे उभे करायला १९९२ मध्ये त्यांनी गुंतवणूकदारांना एक माहितीपत्रक दिलं, त्यावर विसंबून भारतातूनही पैसे गेले, १९९८ मध्ये सेवा चालू झाली आणि १९९९ च्या ऑगस्टमध्ये प्रोजेक्ट दिवाळखोरीत गेला. मग इरिडियम इंडिया कंपनीने २००१ मध्ये पुण्यात तक्रार केली, की त्या माहितीपत्रकातली विधानं खोटी होती आणि आम्हाला फसवून पैसे द्यायला लावले, म्हणजे तेव्हाचं कलम ४२० आणि कट. मॅजिस्ट्रेटने आरोपीला समन्स काढलं. मोटोरोला मुंबई हायकोर्टात गेली आणि २००३ मध्ये हायकोर्टाने केस रद्द केली. त्यात एक मुद्दा असा होता की फसवणुकीला अप्रामाणिक हेतू लागतो आणि कंपनी तर कागदावरची व्यक्ती, तिला हेतू कसा असणार. तुमच्या पोलिस स्टेशनमध्ये जे म्हणाले तेच, फक्त कायद्याच्या भाषेत.

ऑक्टोबर २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने हा निकाल फिरवला. न्यायमूर्ती निज्जर यांनी लिहिलेल्या त्या निकालात स्पष्ट म्हटलंय की हेतू लागणाऱ्या गुन्ह्यातून कंपनीला केवळ ती कंपनी आहे म्हणून सूट नाही. मात्र मोटोरोलाने फसवलं असं काही सुप्रीम कोर्टाने ठरवलं नव्हतं. एवढंच ठरवलं की तक्रार दारातूनच परत पाठवता येणार नाही, पुरावा होऊ द्या. हा फरक लक्षात ठेवा, कारण बरेच जण हा निकाल असा सांगतात की जणू कंपनीचा हेतू आपोआप धरला जातो. तसं नाहीये. कंपनीला हेतू *असू शकतो* एवढंच त्यात आहे, तो *होता* हे तुम्हाला दाखवावं लागतं, आणि सगळी मेहनत तिथेच आहे.

आता थोडं मागे जाऊ, कारण पोलिसांच्या डोक्यात हा गोंधळ आला कुठून हे कळलं की त्यांना उत्तर देणं सोपं जातं. कंपनीच्या बाबतीत दोन वेगळी कुलुपं होती आणि लोक दोन्ही एकच समजतात. पहिलं कुलूप शिक्षेचं. कंपनीला जेलमध्ये टाकता येत नाही, मग ज्या कलमात कैद आणि दंड दोन्ही द्यायचेच असं लिहिलंय तिथे काय करायचं? २००३ मध्ये वेलियप्पा टेक्स्टाइल्सच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने बहुमताने म्हटलं होतं की अशा गुन्ह्यात कंपनीवर खटलाच चालू शकत नाही. याचा अर्थ असा व्हायचा की गुन्हा जितका मोठा तितकी कंपनी सुरक्षित, छोट्या गुन्ह्याला नुसता दंड असतो त्यात ती अडकणार आणि मोठ्या गुन्ह्यात सुटणार. २००५ मध्ये स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या केसमध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तीन विरुद्ध दोन असं ते उलटवलं: कैद देता येत नसेल तर दंड द्या, पण खटला चालवा. पहिलं कुलूप तिथे उघडलं.

दुसरं कुलूप मनाचं, ते २०१० मध्ये उघडलं. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 'व्यक्ती' या शब्दाच्या व्याख्येतच कंपनी येते, कलम २ चं पोटकलम २६ बघा, जुन्या दंडसंहितेतही कलम ११ मध्ये हेच होतं. फसवणूक आता कलम ३१८ मध्ये आहे आणि फसवून मालमत्ता द्यायला लावणं म्हणजे जुनं ४२० ते आता ३१८ चं पोटकलम ४. तुमचा व्यवहार १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर मात्र जुनं ४२० च लागेल, व्यवहाराची तारीख बघा, तक्रारीची नाही.

आता खरा प्रश्न. कंपनीला मन असू शकतं म्हणजे नेमकं कुणाचं मन? कंपनीत दोनशे माणसं कामाला असतात, वॉचमनपासून एमडीपर्यंत, यातल्या कुणाच्या डोक्यात खोटेपणा होता म्हणजे 'कंपनीच्या डोक्यात होता' असं धरायचं?

आपल्याकडचं उत्तर इंग्लंडच्या कायद्यातून आलंय आणि ते समजायला तिकडची एक जुनी केस फार उपयोगी आहे. टेस्को नावाची सुपरमार्केटची साखळी, १९७१ चा हाउस ऑफ लॉर्ड्सचा निकाल. नॉर्थविच गावातल्या त्यांच्या दुकानात कपडे धुवायच्या पावडरवर सूट अशी जाहिरात काचेवर लावलेली, सवलतीचे पुडे संपले, तिथल्या मुलीने पूर्ण किमतीचे पुडे शेल्फवर ठेवले आणि स्टोअर मॅनेजरने बघितलंच नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थाकडून पूर्ण पैसे घेतले गेले, त्यांनी तक्रार केली, कंपनीवर खटला. त्या कायद्यात कंपनीला एक बचाव होता, की चूक 'दुसऱ्या व्यक्तीची' आहे आणि आम्ही स्वतः सगळी काळजी घेतली होती. मग प्रश्न आला की स्टोअर मॅनेजर म्हणजे कंपनी स्वतः, का 'दुसरी व्यक्ती'? कोर्ट म्हणालं, दुसरी व्यक्ती. शेकडो दुकानांपैकी एका दुकानाचा मॅनेजर वरून आलेल्या सूचना पाळतो, कंपनीचं धोरण तो ठरवत नाही, तो कंपनीचा हात आहे, डोकं नाही. टेस्को सुटली.

हेच तत्त्व मोटोरोलाच्या निकालात आपल्याकडे आलं. सुप्रीम कोर्टाच्या म्हणण्याचा सार असा: गुन्हा कंपनीच्या धंद्याच्या संदर्भात झालेला हवा, तो कंपनीचा कारभार ज्यांच्या हातात आहे अशा माणसाने किंवा माणसांनी केलेला हवा, आणि त्यांचं कंपनीवरचं नियंत्रण इतकं घट्ट हवं की कंपनी त्यांच्यामार्फतच विचार करते आणि वागते असं म्हणता यावं. इथे हुद्दा हा पुरावा नाही. 'व्हाइस प्रेसिडेंट' असं व्हिजिटिंग कार्डावर लिहिलेला माणूस नुसता विक्रेता असू शकतो आणि कुठलाही हुद्दा नसलेले एमडीचे वडील संध्याकाळी येऊन सगळे निर्णय घेत असतील. निर्णय खरंच कोण घेतं, कुणाला विचारल्याशिवाय घेतं, ते बघायचं.

आता हे तुमच्या मशीनला लावू, कारण तुमच्या केसमध्ये तीनचार वेगवेगळ्या शक्यता आहेत आणि प्रत्येकीत उत्तर वेगळं येतं.

पहिली शक्यता: कंपनीने ते मशीन आत 'युज्ड' म्हणूनच नोंदवलंय, किंमतही तशी ठरवलीय, आणि तुमच्याकडे आलेल्या सेल्सच्या मुलाने टार्गेट पूर्ण करायला 'नवीन आहे' असं सांगितलं. इथे खोटेपणा त्या मुलाच्या डोक्यात आहे, तो हात आहे, डोकं नाही, फसवणुकीचा गुन्हेगार तो होईल पण कंपनी होणं अवघड. तुमचे पैसे मात्र बुडाले असं नाही, नोकराने नोकरीत असताना ग्राहकाला केलेल्या नुकसानीला दिवाणी कायद्यात मालक जबाबदार असतो, तिथे मनाचा प्रश्न येत नाही. आणि हे ओळखायचं कसं? तुमच्या कोटेशनवर आणि इनव्हॉइसवर काय लिहिलंय ते बघा. ३८ लाख हा त्या मॉडेलचा नव्याचा भाव आहे का वापरलेल्याचा? भाव नव्याचा असेल, इनव्हॉइसवर नवीन असेल, तर हा एकट्या मुलाचा उद्योग नाही, कारण इनव्हॉइस तो काढत नाही आणि दर तो ठरवत नाही.

दुसरी शक्यता: एमडी किंवा सेल्स बघणारा डायरेक्टर यांना मशीन वापरलेलं आहे हे माहीत होतं आणि त्यांनीच ते नवीन म्हणून विकायला सांगितलं. इथे काही शंकाच नाही, त्यांचं मन म्हणजे कंपनीचं मन, आरोपी दोघंही, ती व्यक्ती आणि कंपनी.

तिसरी शक्यता मधली, आणि कोर्टात खरी झोंबाझोंबी इथेच होते. समजा पुणे ब्रांचच्या हेडने हे केलं. तो डायरेक्टर नाही, पण भाव तो ठरवतो, स्टॉक तो उचलतो, मुंबईच्या ऑफिसला महिन्याला फक्त आकडे पाठवतो. तो टेस्कोचा स्टोअर मॅनेजर आहे का कंपनीचं डोकं? याचं उत्तर त्याला दिलेल्या अधिकारात आहे. बोर्डाने ठराव करून एखादा कारभार एखाद्याला पूर्ण सोपवला असेल आणि तो वरून कुठली परवानगी न घेता चालवत असेल तर त्या कारभारापुरता तोच कंपनी, असं म्हणता येतं. वरून प्रत्येक डिस्काउंटला मेलवर मंजुरी लागत असेल तर तो हात. म्हणून तपास अधिकाऱ्याला सांगून जे कागद मागवायचे त्यात बोर्डाचे ठराव, अधिकार कुणाला किती आहेत तो आतला तक्ता, आणि तुमच्या ऑर्डरच्या मंजुरीचे मेल हे आधी लिहा.

चौथी शक्यता लोकांच्या लक्षातच येत नाही आणि तीच मला सगळ्यात अन्यायाची वाटते. इम्पोर्ट बघणाऱ्या क्लार्कला माहीत आहे मशीन सेकंडहँड आलंय. सर्व्हिसवाल्याला माहीत आहे की त्याने रंग मारून नवी पत्री प्लेट लावली, पण त्याला वाटलं हे डेमोसाठी आहे. अकाउंट्सने नव्याचा भाव लावला कारण सिस्टीममध्ये मॉडेल नंबर तोच होता. सेल्सला खरंच वाटतं नवीन आहे. म्हणजे प्रत्येकाकडे सत्याचा एकेक तुकडा आहे, पूर्ण खोटेपणा एकाच्याही डोक्यात नाही. हे तुकडे जोडून कंपनीचा एक हेतू तयार करता येतो का? या डोक्या-हाताच्या तत्त्वात येत नाही, कुणातरी एका नियंत्रण असलेल्या माणसाच्या मनात तो पूर्ण सापडावा लागतो. इंग्लंडमध्ये १९८७ मध्ये हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज ही फेरी पुढचे दरवाजे उघडे ठेवून निघाली आणि १९३ माणसं गेली, चौकशीत कंपनीचा कारभार वरपासून खालपर्यंत ढिसाळ निघाला, तरी कंपनीवरचा मनुष्यवधाचा खटला पडला, कारण वरच्या एकाही माणसावर तेवढा दोष एकट्यावर बसेना. म्हणजे जितकी मोठी कंपनी, जितकं काम वाटून दिलेलं, तितकं तिचं मन शोधणं अवघड, आणि छोटी कंपनी जिथे मालकच सगळं बघतो ती लगेच सापडते. हा या तत्त्वाचा मोठा दोष आहे आणि मी तो मान्य करतो. इंग्लंडने २०२३ मध्ये कायदा बदलून आर्थिक गुन्ह्यांसाठी 'सीनियर मॅनेजर'पर्यंत जाळं खाली आणलं. अमेरिकेत तर १९०९ पासून फेडरल कोर्टात असं आहे की नोकराने नोकरीच्या कामात, कंपनीच्या फायद्यासाठी केलं तर ते कंपनीचं, डोकं-हात बघत नाहीत. आपल्याकडे अजून डोकंच शोधावं लागतं.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे. तुमची विक्रेता कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, अशा कंपन्यांत ३८ लाखांच्या मशीनचा व्यवहार एमडीच्या नजरेखालून गेलेला असण्याची शक्यता भरपूर असते. पण शक्यता आणि पुरावा वेगळे, म्हणून आता कागदांकडे येऊ.

फसवणुकीत हेतू त्या क्षणी असावा लागतो ज्या क्षणी तुम्हाला पैसे द्यायला लावलं. नंतर सर्व्हिस दिली नाही, फोन उचलले नाहीत, नोटिशीला उत्तर नाही, यातून संताप येतो पण हेतू सिद्ध होत नाही, तो करारभंग ठरून केस दिवाणी म्हणून बंद होते. माझ्या बघण्यात पडलेल्या तक्रारींपैकी बऱ्याचशा इथेच पडतात: दहा पानं तक्रार, त्यातली नऊ पानं मशीन बिघडल्यानंतरची. तुमच्या तक्रारीचं वजन ऑर्डर द्यायच्या *आधीच्या* दिवसांवर हवं. म्हणून एक साधी तारखांची पट्टी बनवा: मशीन भारतात कधी उतरलं, कंपनीच्या गोडाउनला कधी आलं, कोटेशन कधी, 'नवीन' हा शब्द कुणी कुठे कधी लिहिला, अ‍ॅडव्हान्स कधी. मशीन उतरल्याची तारीख कोटेशनच्या आधीची असेल आणि उतरतानाच कागदावर ते सेकंडहँड असेल, तर कोटेशन देताना कंपनीला माहीत होतं हे तारखाच बोलतात.

हे कागद कुठले? इम्पोर्ट झालेल्या मालाचं बिल ऑफ एंट्री असतं, त्यात माल काय म्हणून जाहीर केला ते असतं, आणि वापरलेली यंत्रसामग्री आणताना कस्टमसाठी साधारणपणे चार्टर्ड इंजिनिअरचं सर्टिफिकेट जोडलेलं असतं ज्यात मशीनचं वय आणि उत्पादनाचं वर्ष येतं. हे तुम्हाला मिळणार नाही, पोलिस किंवा कोर्ट मागवू शकतं, पण तक्रारीत नावानिशी लिहिलं तरच मागवलं जातं. तुम्ही स्वतः आज काय करू शकता तर मशीनच्या सीरियल नंबरवरून तैवानच्या उत्पादकाला मेल करा, हे कुठल्या वर्षी बनलं, पहिल्यांदा कुणाला विकलं. सीरियल प्लेटचे, तिच्या रिव्हेटचे आणि रंगाखालच्या ओरखड्यांचे फोटो काढा. कंट्रोलरच्या टायमर स्क्रीनचा व्हिडिओ घ्या, पण त्या एकट्यावर विसंबू नका, त्यातले काही आकडे बदलता येतात आणि समोरचा वकील पहिला हाच प्रश्न विचारेल, की तास तुमच्याच इंजिनिअरने बदलले नाहीत कशावरून. म्हणून शक्य असेल तर स्वतंत्र चार्टर्ड इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या आणि तोपर्यंत मशीन उघडून दुरुस्त करू नका. व्हॉट्सअ‍ॅप आणि मेल कोर्टात द्यायला नवीन साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, फोन विकू नका, चॅट डिलीट करू नका.

आता सात डायरेक्टर. तुमचा राग समजतो, आणि भावाचं गणित पण समजतं, सगळ्यांना ओढलं की कुणीतरी घाबरून पैसे देईल. पण कायदा इथे उलट दिशेने चालत नाही. वरच्या माणसाचं मन कंपनीला लावता येतं, पण कंपनीचं मन वरच्या माणसाला लावता येत नाही. २०१५ मध्ये सुनील भारती मित्तल यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं. टूजी प्रकरणातल्या स्पेशल जज्जने त्यांना समन्स काढलं होतं, कारण असं दिलं की ते कंपनीचा कारभार बघतात म्हणून कंपनीच्या कृत्याला ते जबाबदार. कोर्टाने ते समन्स रद्द केलं आणि म्हटलं की डायरेक्टरला आरोपी करायला दोनपैकी एक गोष्ट हवी, एकतर त्याचा स्वतःचा सक्रिय भाग आणि त्यासोबत गुन्हेगारी हेतू यांचा पुरावा, नाहीतर त्या कायद्यातच असं लिहिलेलं हवं की कंपनीचा गुन्हा झाला की अमुक माणसं पण दोषी.

लोकांचा गोंधळ होतो चेक बाउन्समुळे. तिथे कलम १४१ मध्ये लिहिलेलंच आहे की कारभार बघणारे आणि त्याला जबाबदार असणारे लोकही दोषी, म्हणून तिथे डायरेक्टरांची नावं येतात, आणि तिथेही नुसतं डायरेक्टर असणं पुरत नाही, तो कारभार बघत होता हे तक्रारीत लिहावं लागतं. फसवणुकीच्या कलमात अशी ओळच नाही. त्यामुळे तुमच्या सातपैकी एमडीची बायको, गुंतवणूकदाराने बसवलेला डायरेक्टर, रिटायर्ड सीए, यांची नावं टाकलीत तर ते लगेच हायकोर्टात जातात, केस रद्द करा म्हणून अर्ज करतात, स्टे मिळाला की खालची अख्खी केस थांबते, आणि ज्याने खरंच फसवलं तो तेवढी वर्षं आरामात. माझ्याकडे एक अशील असेच आले होते, आधीच्या तक्रारीत नऊ नावं, त्यातल्या सहांची केस रद्द व्हायला पाच वर्षं गेली आणि तोपर्यंत मुख्य आरोपीने कंपनीचा सगळा माल विकून टाकला. मला त्या माणसाचा चेहरा अजून आठवतो.

आणखी एक, भीतीपोटी 'विश्वासघात' हे कलम सोबत जोडू नका. २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने बजावलंय की एकाच व्यवहारात फसवणूक आणि फौजदारी विश्वासघात हे दोन्ही एकत्र नांदत नाहीत. विश्वासघातात आधी प्रामाणिकपणे सोपवलेली वस्तू नंतर खाल्ली जाते, फसवणुकीत सुरुवातच खोट्याने होते. तुम्ही मशीन विकत घेतलंय, काही सोपवलेलं नाही.

मग नावं कुणाची? आरोपी क्रमांक एक कंपनी, तिच्या नोंदणीकृत पत्त्यासकट. क्रमांक दोन जो डायरेक्टर किंवा एमडी तुमच्याशी स्वतः बोलला किंवा ज्याच्या सहीने किंवा मेलने भाव आणि 'नवीन' हे वर्णन मंजूर झालं तो. क्रमांक तीन तो सेल्सवाला किंवा ब्रांच हेड ज्याने तुम्हाला तोंडावर सांगितलं. प्रत्येकाच्या नावासमोर त्याने काय केलं याचा एक वेगळा परिच्छेद हवा. 'सर्व आरोपींनी संगनमताने' या वाक्याने काही होत नाही. समजा असं लिहा: अमुक तारखेला आरोपी दोन यांनी त्यांच्या मेलवरून कोटेशन पाठवलं, त्यात मशीन नवीन असल्याचं नमूद आहे; हेच मशीन त्याआधी अमुक तारखेला आरोपी एक कंपनीने वापरलेलं म्हणून आयात केलं होतं आणि आयातीचे कागद आरोपी दोन यांच्या सहीचे आहेत; कंपनीत दर आणि खरेदी-विक्रीचा अंतिम निर्णय आरोपी दोन हेच घेतात, त्यांचं ज्ञान आणि हेतू हेच कंपनीचं ज्ञान आणि हेतू होय; या खोट्या विधानावर विसंबून मी अमुक तारखेला पैसे दिले. यातल्या प्रत्येक तुकड्याखाली कागद लावायचा, आणि ज्याचा कागद तुमच्याकडे नाही ते 'माझ्या माहितीप्रमाणे' असं लिहून तो कुणाकडे मिळेल ते सांगायचं. असा परिच्छेद वाचल्यावर 'मन कुठंय' हा प्रश्न अधिकारी विचारत नाही, ते त्याला तारखेसकट दिसतं.

पोलिस तरीही घेत नसतील तर वरिष्ठांना लेखी द्या, मग मॅजिस्ट्रेटकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ च्या पोटकलम ३ खाली तपासाचा आदेश मागा. खाजगी तक्रार केलीत तर कलम २२३ प्रमाणे आता दखल घ्यायच्या आधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी मिळते, म्हणजे तुमचे पत्ते त्यांना लवकर दिसतात. त्यामुळे मी आधी पोलिस तपासाचा मार्ग सुचवेन, इम्पोर्टचे कागद जप्त होणं तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचं आहे.

शेवटी शिक्षेचं, कारण इथे अपेक्षा नीट ठेवलेल्या बऱ्या. खटल्यात कंपनी एक प्रतिनिधी नेमून हजर राहते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४२ प्रमाणे, तो माणूस आरोपी नसतो, त्याला अटक होत नाही, आणि तो आला नाही तरी खटला अडत नाही. दोषी ठरली तर कंपनीला फक्त दंड. प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेटचे दंडाचे अधिकार ५०,००० रुपयांपर्यंत आहेत, जास्त गरजेचं वाटलं तर ते प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवू शकतात. कैद होईल ती आरोपी दोन आणि तीनला, सात वर्षांपर्यंत. म्हणजे ३८ लाख या खटल्यातून परत येतील असं धरू नका. त्यासाठी दिवाणी दावा वेगळा करावा लागेल, तुमचा व्यवहार धंद्याचा आणि रक्कम ३ लाखांच्या वर म्हणून तो कमर्शियल कोर्टात जाईल, तातडीचा मनाई हुकूम मागत नसाल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे, आणि मुदत साधारण तीन वर्षांची. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. फक्त दोन्हीकडे तारखा आणि शब्द अगदी तेच ठेवा, दिवाणी दाव्यात 'मशीन बिघडलं' आणि फौजदारीत 'मशीन आधीच जुनं होतं' असं लिहिलेलं समोरच्याने एकदा वाचून दाखवलं की हेतूचा मुद्दा तिथेच ढिला पडतो.